ट्रॅक्टरची लिफ्ट सकाळी उठत नाही, ब्रेक कर्रर्र वाजतो: चार्टच्या फोटोत न दिसलेल्या दोन ओळी

जानेवारीतल्या एका सकाळी आतेभावाचा फोन आला. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला त्याची सात एकर जमीन आहे. थोडी केळी, थोडा कापूस, रब्बीला हरभरा नाहीतर दादर. एक पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर, घरचं काम झालं की भाड्यानेही फिरतो. "भाऊ, लिफ्ट उठी नही राहिनी," तो म्हणाला. रोटाव्हेटर मागे लावलेला, लिव्हर वर केला की पंप कुईऽऽ करून ओरडतो आणि रोटाव्हेटर जागेवरून हलत नाही. अर्धा तास इंजिन चालवलं की मग उठायला लागतो. शिवाय भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर ब्रेक दाबला की मागून कर्रर्र असा आवाज.

लिफ्टची तक्रार चौथ्यांदा आली होती. तीन वेळा गावातल्या मिस्त्रीने लिफ्ट खोलली होती, पिस्टनची ओ-रिंग बदलली होती आणि प्रत्येक वेळी काही महिने सगळं ठीक चाललं होतं. आता मिस्त्री म्हणत होता, पंपच बदला.

मी म्हटलं, बापू, पंपाला हात लावू नको, आधी ट्रॅक्टरवरच्या सर्व्हिस चार्टचा फोटो पाठव. आणि मिस्त्रीच्या तिन्ही पावत्यांचा पण.

पहिला फोटो काही कामाचा नव्हता. चार्ट मडगार्डच्या आतल्या बाजूला चिकटवलेला, भर दुपारी काढलेला, मधोमध उन्हाची चकाकी आणि खालची कड कापलेली. तुम्हाला कोणाला चार्ट पाठवायचा असेल तर आधी ओल्या फडक्याने पुसा, सावलीत किंवा संध्याकाळी काढा, मोबाइल चार्टच्या अगदी समोर धरा. एक पूर्ण चार्टचा आणि मग वरचा अर्धा, खालचा अर्धा असे तीन फोटो. खालची बारीक अक्षरांची पट्टी आलीच पाहिजे, कारण चार्टमधलं अर्धं भांडण त्या पट्टीतच असतं.

संध्याकाळच्या दुसऱ्या फोटोत ते दिसलं. आता चार्ट कसा वाचायचा ते याच चार्टवरून सांगतो. कंपनीप्रमाणे खुणा बदलतात, पण मांडणी बहुतेक अशीच असते.

डाव्या बाजूला उभ्या रांगेत भाग लिहिलेले असतात: इंजिन ऑइल, एअर क्लीनर, डिझेल फिल्टर, क्लच पेडलची ढिलाई, ग्रीसचे निपल, ट्रान्समिशन व हायड्रॉलिक ऑइल, हायड्रॉलिकची जाळी. वरच्या आडव्या रांगेत तास: १०, ५०, २५०, ५००, १०००. जिथे भाग आणि तास एकमेकांना छेदतात त्या चौकोनात खूण. बापूच्या चार्टवर पोकळ काळा गोल म्हणजे तपासा, कमी असेल तर भरा. काळा त्रिकोण म्हणजे साफ करा. आणि भरीव लाल गोल म्हणजे बदला.

लाल रंग उन्हात सगळ्यात आधी उडतो. गावातल्या जुन्या पाट्या बघा, निळी-काळी अक्षरं दिसतात आणि लाल गायब असतात. या चार्टचंही तसंच झालं होतं. पोकळ गोल आणि त्रिकोण ठळक, भरीव लाल गोलांच्या जागी नुसता फिका गुलाबी डाग. इंजिन ऑइल २५० तासांना बदलायचं हे बापूला तोंडपाठ होतं, ते तो नेमाने बदलत होता. पण ट्रान्समिशन व हायड्रॉलिक ऑइलच्या ओळीत त्याला ५० आणि २५० च्या खाली फक्त पोकळ गोल दिसायचा आणि १००० च्या खाली काहीच नाही. त्याने सरळ अर्थ घेतला: हे तेल बदलायचं नसतं, कमी झालं तर भरायचं. फोटो मोठा करून पाहिल्यावर १००० च्या चौकोनात तो गुलाबी डाग दिसला. तास होते १८६०. कंपनीतून आलेलं तेल त्याने एकदाही पूर्ण काढलेलं नव्हतं.

दुसरी ओळ त्याच्याच खाली, जाळीची. २५० तासांना काळा त्रिकोण, म्हणजे साफ करा. ही खूण स्पष्ट होती, पण जाळी नावाचा भाग कुठे असतो हेच त्याला माहीत नव्हतं. टाकीतून पंपाकडे तेल ओढलं जातं त्या वाटेवर ही बारीक तारेची जाळी असते. ती भरली की पंपाला तेल पोहोचत नाही, पंप हवा ओढतो आणि कुईऽऽ ओरडतो.

आता तेलाचा प्रकार. त्यासाठी चार्टच्या उजव्या कडेला वेगळा रकाना असतो. इंजिनसमोर १५डब्ल्यू-४०. ट्रान्समिशन, हायड्रॉलिक आणि ब्रेक या तिघांसमोर एकच कंस आणि एकच नाव: यूटीटीओ, ४० लिटर. तो कंस महत्त्वाचा आहे. त्याचा अर्थ असा की गिअर, लिफ्ट आणि ब्रेक एकाच तेलात आहेत. तेलात बुडालेले ब्रेक म्हणतात ते हेच. मागच्या धुऱ्याच्या घरात चकत्या असतात, त्या कायम तेलात भिजलेल्या असतात आणि दाबल्या की तेलातूनच एकमेकींना पकडतात. त्यांनी धक्के न देता पकडावं म्हणून यूटीटीओमध्ये खास मसाला घातलेला असतो. शिवाय लिफ्टच्या पंपाला थंडीत ओढता यावं इतकं ते पातळ असतं आणि गिअरचे दात सांभाळण्याइतकं दमदारही.

मिस्त्रीने भरलं होतं ९० नंबर, म्हणजे गिअरबॉक्सचं जाड तेल. पावत्यांवर तसं स्वच्छ लिहिलं होतं.

यात मिस्त्रीला शिव्या देण्यात अर्थ नाही. आपल्या भागातले जुने ट्रॅक्टर, सुक्या ब्रेकचे, गिअरबॉक्सला ९० नंबरच घेतात, आणि त्यांना ते बरोबरच आहे. त्याचा हात त्या ट्रॅक्टरांवर बसलाय. पण ९० नंबरमध्ये चकत्यांसाठीचा तो मसाला नसतो, आणि ते जाड असतं. चोपड्याकडे जानेवारीत पहाटे हात शेकल्याशिवाय स्टीअरिंग धरवत नाही, तेव्हा ते तेल काकवीसारखं होतं. जाड तेल, त्यात भरलेली जाळी. पंपाने ओढायचं कुठून?

मग ओ-रिंग बदलल्यावर चालायचं कसं? याचं उत्तर पावत्यांत सापडलं. पहिली दुरुस्ती ११०० तासांना, दुसरी १४९० ला, तिसरी १७४० ला, आणि आता १८६० ला परत बंद. मधलं अंतर बघा: ३९०, मग २५०, मग १२० तास. ओ-रिंग दर वेळी आधीपेक्षा इतक्या लवकर फाटते असं कुठे असतं का?

मी मिस्त्रीला फोन करून विचारलं, लिफ्ट खोलताना जाळी काढायचास का? म्हणाला, "हां, काढायचोच ना. डिझेलमध्ये धुऊन परत बसवायचो." लिफ्ट सुरू होत होती ती जाळी धुतल्यामुळे, आणि नाव होत होतं ओ-रिंगचं.

पण जाळी लवकर लवकर का भरायला लागली? प्रत्येक वेळी साधारण १२ लिटर तेल काढलं जायचं आणि त्या जागी ९० नंबर भरलं जायचं. गणित मांडून पाहा. ४० लिटरमधले १२ गेले, मूळचं तेल राहिलं २८. दुसऱ्या वेळी त्याचा तीस टक्के भाग गेला, राहिलं १९.६. तिसऱ्या वेळी जेमतेम पावणेचौदा लिटर. बाकी सगळं ९० नंबर. जसजसा मसाला पातळ होत गेला तसतशा ब्रेकच्या चकत्या धरून-सोडून, धरून-सोडून घासायला लागल्या. तोच कर्रर्र आवाज. घासलेल्या चकत्यांचा काळा भुगा त्याच तेलात पडणार आणि फिरून जाळीतच अडकणार. म्हणजे ब्रेक आणि लिफ्ट या दोन तक्रारी नव्हत्याच. बापूला विचारलं तर म्हणाला, आवाज पहिल्या दुरुस्तीनंतर थोडा आणि दुसरीनंतर चांगलाच वाढला. त्याला वाटलं होतं ट्रॉलीचा आवाज असेल.

हे सगळं फोनवर ठरवून मोकळं होण्यासारखं नव्हतं. रविवारी मी गेलो. लिफ्टचं दुखणं तेलाचं की आतल्या झिजेचं, हे ओळखायला मी एक साधी गोष्ट बघतो: ती थंडीत अडते की गरम झाल्यावर. सकाळी अडते, पंप ओरडतो आणि तासाभरात सुधारते, तर आधी तेलाची पातळी, तेलाचा प्रकार आणि जाळी बघायची. याउलट सकाळी छान उठते आणि दुपारी तेल तापून पातळ झालं की हळू होते, तर आतून गळती आहे, पंप किंवा सील झिजलंय. नांगर वर उचलून इंजिन बंद केलं आणि तो डोळ्यांदेखत खाली बसत गेला, तर तिथे ओ-रिंग किंवा व्हॉल्व्हचा संशय घ्यायचा. बापूचा रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद ठेवलं, चहा होईपर्यंत तो तसाच होता. ओ-रिंग ठणठणीत होती. हे बघताना कोणाला त्याच्याखाली किंवा जवळ जाऊ दिलं नाही. चार्टवर त्रिकोणातल्या उद्गारचिन्हाशेजारी तेच लिहिलंय, उचललेल्या अवजाराखाली जाऊ नका, आणि ते शोभेला लिहिलेलं नाही. त्याच पट्टीत दुसरी सूचना आहे की हायड्रॉलिकच्या नळीची गळती हाताने चाचपू नका. दाबाखालचं तेल सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालं तर कातडीत घुसतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघावं. कधी घुसलंच तर जखम कितीही बारीक दिसो, तडक दवाखान्यात जायचं.

डिपस्टिक काढली. तेल टोकाला लोंबून तार धरत होतं, आणि ९० नंबरचा तो उग्र, गंधकासारखा वास. रंग मात्र दुधाळ नव्हता. दुधाळ असता तर पाणी गेलंय असं समजायचं. ट्रॅक्टर जोराच्या फवाऱ्याने धुताना, नाल्यातून नेताना किंवा गिअर लिव्हरचं रबर फाटलेलं असताना पाणी जातं. शंका असेल तर एखाद्या जुन्या, टाकाऊ तव्यावर तेलाचे चार थेंब टाकून तापवावे, तडतडलं तर पाणी आहे. लांब उभं राहून. आणि तवा परत चुलीवर चढवायचा नाही, हे वहिनीने आधीच बजावलं होतं.

जाळी काढली तर तिच्यावर काळ्या मऊ चिखलाचा थर, बोटाने पुसला की खाली तार दिसायची. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लोण्यासारखा लेप होता. एवढं चालतं, ती रोजची झीज. त्यात चमकणारे तुकडे किंवा दाताचे टवके निघाले असते तर मी तिथेच थांबलो असतो आणि ट्रॅक्टर वर्कशॉपला न्यायला सांगितला असता.

तेल बदलताना आम्ही आधी वीस-पंचवीस मिनिटं ट्रॅक्टर फिरवला. गरम तेलाबरोबर घाण निघते, थंडीत ती तळालाच राहते. ड्रेन प्लग एक नसतो. गिअरबॉक्सखाली एक, मागच्या धुऱ्याखाली एक, काही ट्रॅक्टरांना बाजूच्या घरांनाही वेगळे असतात. एकच उघडला तर निम्मं तेल आतच बसतं आणि आपण समजतो बदललं. सगळे उघडून तासभर ठेवले. तरी थोडं जुनं तेल राहतंच, चकत्यांनीही ते धरून ठेवलेलं असतं. जाळी डिझेलमध्ये ब्रशने धुतली. फडक्याने पुसायची नाही, धागे अडकतात.

वीस लिटरच्या दोन बादल्या यूटीटीओ आणल्या होत्या. भरल्यावर इंजिन सुरू करून लिफ्ट पंधरा-वीस वेळा वर-खाली केली, बंद केलं, दहा मिनिटं थांबून पातळी बघितली. ही पातळी कशी बघायची हेही त्या कापलेल्या पट्टीत होतं: सपाट जमिनीवर, इंजिन बंद, लिफ्टचे हात खाली. बापू आजवर अवजार वर उचललेलं असताना बघायचा. त्या वेळी काही तेल लिफ्टच्या सिलिंडरमध्ये असतं, डिपस्टिक कमी दाखवते आणि आपण उगाच जास्तीचं ओततो.

त्याच पट्टीतली तारा काढलेली तळटीप: धुळीत, चिखलात किंवा पाण्यात सतत काम असेल तर मधले तास निम्मे धरा. पऱ्हाटी उपटल्यावर रोटाव्हेटर मारताना ट्रॅक्टरभोवती जो लोट उठतो तो पाहिला की ही टीप कोणासाठी आहे ते कळतं. त्यामुळे जाळी २५० ऐवजी १२५ तासांना. तासांपुढे "किंवा १२ महिने" असं असेल तर दोन्हींपैकी जे आधी येईल ते. वर्षाला दोनशे तास चालणाऱ्या ट्रॅक्टरला हजार तासांची वाट बघितली तर पाच वर्षं जातील. आणि तास म्हणजे मीटरचे तास. जुन्या यांत्रिक मीटरवर इंजिन हळू फिरत असेल तर मीटरही हळू चढतो, म्हणून घड्याळाशी जुळला नाही तर मीटर बिघडला असं लगेच समजू नका.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला बापूने व्हिडिओ पाठवला. रोटाव्हेटर पहिल्या झटक्यात वर. ब्रेकचा आवाज मात्र लगेच गेला नाही. तीन-चार दिवस ट्रॉली चालवल्यावर कमी होत गेला.

इथे ही गोष्ट संपली असती, पण मार्चमध्ये तो परत म्हणाला, आवाज थोडा येतोय. तेल तर बदललेलं, जाळी पन्नास तासांना पुन्हा धुतलेली. मग कुठून? मी विचारलं, जॅकवाली ट्रॉली कोणाची आहे? म्हणाला, चुलतभावाची आणि माझी मिळून. चुलतभावाचा ट्रॅक्टर जुना, सुक्या ब्रेकचा, त्यात ९० नंबर.

ट्रॉलीचा जॅक ट्रॅक्टरच्या टाकीतूनच तेल घेतो. ट्रॉली उचलताना काही लिटर तेल जॅकमध्ये जातं, खाली केली की बरंचसं परत येतं, पण थोडं जॅकमध्ये आणि नळीत राहतं. दुसऱ्या दिवशी ट्रॉली दुसऱ्या ट्रॅक्टरला जोडली की ते राहिलेलं तेल त्याच्या टाकीत. केळीच्या हंगामात दोघांकडून दिवसाआड ट्रॉली फिरत होती. थोडं थोडं करून आमचं यूटीटीओ तिकडे आणि त्याचं ९० नंबर इकडे. शिवाय कपलिंग मातीत लोळत असतं, ती मातीही आतच.

उपाय एकच होता. ट्रॉलीचा जॅक उलटा करून पूर्ण रिकामा केला, नळी सोडून निथळवली, आणि यापुढे ती ट्रॉली बापूच्याच ट्रॅक्टरला लागेल असं दोघा भावांत ठरलं. चुलतभावाला माल टाकायचा असेल तर बापू ट्रॅक्टरसकट जातो. त्यावरून डिझेल कोणाचं यावर वाद झाला, पण त्यात मी पडलो नाही. कपलिंगला रबरी टोपी बसवली, ती जिथे पडेल तिथून उचलून लावायची जबाबदारी पोराकडे.

मिसळलेलं तेल किती राहिलंय ते बाहेरून मोजता येत नाही, म्हणून या वेळचं तेल हजार तासांपर्यंत नेऊ नको असं मी सांगितलं. पहिली बदली १८६६ तासांना झाली होती, पुढची २११६ ला, आणि त्यानंतर चार्टप्रमाणे. दोन बादल्या लवकर जातील, पण चकत्या बदलायच्या म्हणजे मागचा धुरा खोलावा लागतो. इतकं करूनही आवाज राहिला तर चकत्या खरंच झिजल्या आहेत असं समजून खोलावंच लागेल, तिथे तेल बदलून भागणार नाही.

चार्टच्या उडालेल्या लाल गोलांवर बापूने पोरीच्या नेलपॉलिशने परत ठिपके दिले. तेल भरायच्या टोपीवरही त्याच रंगात लिहिलंय: यूटीटीओ, ९० नाही.